‘1998 पासून विश्वासाचं नाव’: हे तपासायचं कुठं?

ताई, मी 24 वर्षांचा, इचलकरंजीजवळ राहतो. बाबा एसटीतून रिटायर झालेत, त्यांना घरावर 3 किलोवॅटचं सोलर बसवायचंय. एका कंपनीचा माणूस येऊन गेला, 50 हजार ॲडव्हान्स मागतोय. मी त्यांच्या वेबसाइटचं अबाउट अस पेज वाचलं, सगळं भारी लिहिलंय आणि तिथंच माझी अडचण झालीये, कारण यातलं खरं कुठलं आणि जाहिरात कुठली ते कळतच नाही. स्क्रीनशॉट पाठवतोय. बाबा म्हणतात एवढं लिहिलंय म्हणजे कंपनी मोठीच असणार. पैसे द्यायचे का?
– एक वाचक

अरे, 24 चा आहेस म्हणजे माझ्या भाच्याएवढा, तेव्हा सरळ अरे-तुरे करते, चालेल ना. स्क्रीनशॉट बघितले. कंपनीचं नाव इथं छापत नाही, कारण त्यांनी काही गुन्हा केलाय असं मला अजून दिसलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर हे पेज इतकं नेहमीचं आहे की नाव बदललं की ते दुसऱ्या शंभर कंपन्यांचं होईल.

मी एका कारखान्याच्या परचेसमध्ये 17 वर्षं होते आणि त्यातली बरीचशी वर्षं नवीन व्हेंडर रजिस्टर करण्यातच गेली, म्हणजे लोकांच्या कंपनी प्रोफाइल वाचणं हाच माझा धंदा होता म्हण. तिथं एक सवय लागली ती तुला सांगते. पानाचा प्रिंट काढायचा, पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक वाक्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा: हे खोटं असेल तर ते कुणाच्या रजिस्टरमध्ये पकडलं जाईल? उत्तर असेल तर समासात त्या रजिस्टरचं नाव लिहायचं, नसेल तर वाक्यावर सरळ काट मारायची. तुझ्या पानावर मी हेच केलं. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’, ‘ग्राहक हाच देव’, ‘ग्रीन एनर्जीचं स्वप्न घरोघरी’ हे सगळं पहिल्याच फटक्यात गेलं, ते खोटं आहे म्हणून नाही तर ते खोटं ठरूच शकत नाही म्हणून. अशी वाक्यं निरुपद्रवी असतात, त्यांनी कुणी फसत नाही. फसवतात ती आकडा असलेली, सर्टिफिकेटचं नाव असलेली, साल असलेली वाक्यं, कारण ती फॅक्टसारखी दिसतात. तुझ्या पानावर अशी सात-आठ उरली, त्यातल्या मोठ्यांवर बोलू.

आधी पानाच्या अगदी तळाला जा, जिथं कुणी बघत नाही. तुझ्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बारीक अक्षरात जीएसटी नंबर आहे. आकडे झाकून दाखवते:

```
27xxxPxxxxxx1Zx
```

यात 15 अक्षरं असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र (गोव्याला 30). त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. आता पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, ते बघ. तिथं C असेल तर ती कायद्यानं कंपनी, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, आणि P असेल तर एक व्यक्ती. इथं P आहे. म्हणजे पानभर ‘आमची कंपनी’, ‘आमचा ग्रुप’ असं लिहिलं असलं तरी कागदावर हा एका माणसाचा धंदा आहे, प्रोप्रायटरशिप. त्यात वाईट काही नाही हं, माझ्या ओळखीतले उत्तम इलेक्ट्रिशियन सगळे प्रोप्रायटरच आहेत, आणि उलट प्रोप्रायटरची जबाबदारी वैयक्तिक असते, तो कंपनीच्या नावामागं लपू शकत नाही. पण तुला कळायला पाहिजे की तू कुणाशी व्यवहार करतोयस.

मग तोच नंबर gst.gov.in वर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये टाकला. लॉगिन लागत नाही, कॅप्चा भरला की झालं. तिथं बरंच काही दिसतं, त्यातल्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. लीगल नेम, म्हणजे खरं नाव, तिथं एका गृहस्थांचं नाव आलं. ट्रेड नेम, म्हणजे पाटीवरचं नाव, ते वेबसाइटवालंच आहे. स्टेटस ॲक्टिव्ह, चांगलं. आणि रजिस्ट्रेशनची तारीख ऑगस्ट 2022.

आता पानाच्या वरच्या ओळीकडे ये, जिच्यावर बाबा भाळलेत. ‘1998 पासून विश्वासाचं नाव’. 1998 आणि 2022, चोवीस वर्षांचा फरक. इथं घाईनं ‘खोटारडे’ म्हणायचं नाही. जीएसटीच 1 जुलै 2017 ला सुरू झाला, त्यामुळे पन्नास वर्षं जुन्या पेढीचीसुद्धा तारीख त्याच्या मागं जात नाही, जुने धंदे बहुतेक 01/07/2017 अशाच तारखेनं दिसतात. म्हणजे ती तारीख दिसली की धंदा निदान तेव्हा चालू होता एवढं कळतं, किती जुना ते कळत नाही. पण 2022 दिसलं तर विचारायला जागा आहे: आधी काय होतं? उलाढाल जीएसटीच्या मर्यादेखाली होती? का दुसऱ्या नावानं धंदा होता? तुझ्याच तिसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये ‘आमचा प्रवास’ म्हणून जो परिच्छेद आहे तो नीट वाच, त्यात चौथ्या ओळीत लिहिलंय की संस्थापकांच्या वडिलांनी 1998 मध्ये इलेक्ट्रिकल दुकान काढलं. झालं, सापडलं! साल खरं असणार, फक्त ते दुकानाचं आहे, सोलरचं नाही. वायर आणि पंखे विकण्याचा 1998 पासूनचा अनुभव तुझ्या गच्चीवर फारसा कामाचा नाही. माझ्या पेन्सिलच्या भाषेत याला मी ‘खरं, पण दुसऱ्याच गोष्टीबद्दल’ म्हणायचे, आणि 17 वर्षांत धडधडीत खोटं फार कमी भेटलं, हे असलं मात्र रोज.

(त्यांचा माणूस उद्या म्हणाला की आम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहोत, तर सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर, माग. तो 21 अक्षरांचा असतो आणि नुसता वाचूनसुद्धा बरंच सांगतो:

```
UxxxxxPN2021PTCxxxxxx
```

U म्हणजे शेअर बाजारात नसलेली, मग पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे, मग रजिस्ट्रारचं ठिकाण, मग स्थापनेचं साल, PTC म्हणजे प्रायव्हेट, आणि शेवटी नंबर. साल त्यातच छापलेलं असल्यामुळे ते लपवता येत नाही. mca.gov.in वर मास्टर डेटा बघता येतो, आणि 100 रुपये भरले की त्या कंपनीनं दाखल केलेले ताळेबंदसुद्धा उघडतात. कंपनी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे लेटरहेडवर आणि बिलावर सीआयएन आणि नोंदणीकृत पत्ता छापणं बंधनकारक आहे, त्यामुळे प्रा. लि. म्हणवणाऱ्याच्या कोटेशनवर तो नसेल तर ते आधी विचारायचं. प्रोप्रायटरच्या बाबतीत ही खिडकीच नाही, त्याचा ताळेबंद आपल्याला कुठं बघायला मिळत नाही.)

आता आकड्यांवर येते, मला यातच मजा येते. पानावर मोठ्या अक्षरात दोन आकडे फिरत फिरत वर चढतात म्हणालास ना, ‘5 मेगावॅट+ इन्स्टॉल्ड’ आणि ‘200+ आनंदी कुटुंबं’. या दोन आकड्यांचं रजिस्टर कुठंच नाही, कुणी मोजलेलं नाही. पण दोन आकडे एकाच पानावर असले की ते एकमेकांना तपासतात. कागद घे. घरगुती सिस्टिम साधारण 3 किलोवॅटची धर, तुझ्यासारखीच. 200 घरं गुणिले 3 म्हणजे 600 किलोवॅट. मेगावॅट म्हणजे 1000 किलोवॅट, म्हणजे घरं मिळून 0.6 मेगावॅट झाले. मग 5 मधले उरलेले 4.4 मेगावॅट कुठं आहेत? घरांवर नाहीत तर कारखान्यांवर असणार. सोलरवाल्यांचा ढोबळ हिशोब असा की एका किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट जागा लागते, तर 4400 किलोवॅटला 4 लाख 40 हजार चौरस फूट, म्हणजे साधारण दहा एकर छप्पर. दहा एकर! तुमच्या भागात लूमच्या शेड भरपूर आहेत, त्यामुळे अशक्य म्हणत नाही मी, पण दहा एकर छपरावर काम केलेला माणूस त्या कारखान्यांची नावं सांगायला लाजणार नाही, उलट पहिल्या वाक्यात सांगेल. पानावर एकाही कारखान्याचं नाव नाही. आता याचं सरळ स्पष्टीकरणही असू शकतं, बऱ्याचदा छोटे लोक मोठ्या कंपनीच्या हाताखाली फक्त लेबरचं काम घेतात, स्ट्रक्चर उभं करून देणं, केबल ओढणं, आणि मग तो सगळा प्रोजेक्ट स्वतःच्या आकड्यात धरतात. तसं असेल तर तसं त्यांनी सांगावं. तू फोनवर एवढंच विचार: ‘साहेब, तुमच्या 5 मेगावॅटमधलं सगळ्यात मोठं काम कुठलं, आणि त्याची वर्क ऑर्डर तुमच्या नावावर होती का?’ उत्तर काय येतं यापेक्षा किती वेळानं येतं ते ऐक.

‘शासनमान्य’ हा शिक्का सगळ्यात ठळक आहे, पिवळा गोल, मधे सूर्य. शासनमान्य म्हणजे काय, कुठल्या शासनानं, कुठल्या कागदानं? सोलरमध्ये याला एकच कामाचा अर्थ आहे, तो म्हणजे पीएम सूर्यघर योजनेत महावितरणसाठी रजिस्टर झालेला व्हेंडर. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेली ही योजना, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, आणि ती सबसिडी थेट ग्राहकाच्या, म्हणजे बाबांच्या बँक खात्यात येते, व्हेंडरच्या नाही. pmsuryaghar.gov.in वर राज्य आणि वीज कंपनी निवडून रजिस्टर्ड व्हेंडरची यादी दिसते, त्यात पाटीवरचं नावही शोध आणि जीएसटीवर आलेलं लीगल नेमही शोध, कारण बऱ्याचदा यादीत दुसरंच नाव असतं. यादीत नसतील आणि दुसऱ्या कुणाच्या लॉगिनवरून काम करणार असतील तर सबसिडीच्या फाइलवर त्या दुसऱ्याचं नाव जाणार, उद्या इन्व्हर्टर बिघडला की हा म्हणणार त्यांच्याकडे जा आणि तो म्हणणार मी तर तुमचं घरही बघितलेलं नाही. शिक्क्याखाली बारीक अक्षरात ‘एमएसएमई प्रमाणित’ पण आहे, ते सोडून दे. उद्यम नोंदणी फुकट आणि स्वतःच भरलेल्या माहितीवर होते, ती कामाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही. ती खरी असेलच, पण तुझ्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही.

आयएसओचं पण थोडं तसंच. ‘आयएसओ 9001:2015 प्रमाणित पॅनेल’ असं तुझ्या पानावर लिहिलंय आणि हे वाक्य लिहिणाऱ्यालाच ते काय आहे ते माहीत नाही, कारण 9001 हे पॅनेलला मिळतच नाही, ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही, ते देणाऱ्या वेगळ्या एजन्सी असतात, आणि त्या एजन्सीलाही कुणीतरी मान्यता दिलेली असावी लागते, आपल्याकडे ते काम एनएबीसीबी करतं. आमच्या कारखान्यात एका सप्लायरनं असं सर्टिफिकेट आणलेलं, सोनेरी बॉर्डर, होलोग्राम, सगळं. स्कोपच्या रकान्यात बघितलं तर ‘ट्रेडिंग ऑफ स्टेशनरी’, आणि आम्ही त्याच्याकडून नट-बोल्ट घेणार होतो! तेव्हापासून मी आधी स्कोपची ओळ वाचते, मग एजन्सीचं नाव, मग मुदत, आणि होलोग्रामकडे बघतसुद्धा नाही. त्यांच्याकडून सर्टिफिकेटचा फोटो मागव आणि स्कोप वाच, एवढं बास.

पण या पानावरचा सगळ्यात चलाख शब्द आयएसओ नाही, ‘टियर 1’ आहे. ‘आम्ही फक्त टियर 1 पॅनेल वापरतो.’ ऐकणाऱ्याला वाटतं एक नंबर दर्जाचं. टियर 1 ही यादी ब्लूमबर्ग एनइएफ काढतं आणि ती पॅनेल बनवणाऱ्या कंपन्यांची आहे, बसवणाऱ्यांची नाही, आणि मुळात ती दर्जाची नाहीच. एखाद्या उत्पादकाची पॅनेल वापरलेल्या मोठ्या प्रकल्पांना वेगवेगळ्या बँकांनी कर्ज दिलंय का, एवढंच ती बघते, म्हणजे बँकांना त्या उत्पादकाची पत चांगली वाटते का. ती काढणारे स्वतःच सांगतात की हिला दर्जाचं माप समजू नका. पॅनेल लॅबमध्ये नेऊन कुणी तपासलेलं नसतं. त्यामुळे ‘टियर 1’ हा शब्द खरा असूनही तुला जे कळायला पाहिजे ते सांगत नाही. तुला काय कळायला पाहिजे? कोटेशनवर उत्पादकाचं नाव, पॅनेलचा पूर्ण मॉडेल नंबर, किती वॅटचं, किती नग, आणि डीसीआर आहे का नाही. डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेलं, त्याशिवाय घरगुती सबसिडी मिळत नाही. मॉडेल नंबर मिळाला की तो केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या एएलएमएम, म्हणजे मंजूर पॅनेलच्या, यादीत आहे का ते बघता येतं. मॉडेल नंबर पानावर नसेल तर समजू शकते, पण कोटेशनवरही नसेल आणि तिथंही ‘टियर 1’च लिहिलं असेल तर ते कोटेशन परत पाठव.

‘25 वर्षांची वॉरंटी’ हेही तिथंच बसतं. कुणाची वॉरंटी, कशावर? ती पॅनेलच्या उत्पादनक्षमतेवर उत्पादकानं दिलेली असते. गच्चीत भोक पाडून बसवलेल्या स्ट्रक्चरखालून पावसाळ्यात पाणी झिरपलं तर तो उत्पादक येणार नाही, इन्व्हर्टरची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी असते, आणि बसवणाऱ्याचं बघशील तर योजनेत त्यानं 5 वर्षं देखभाल करायची असते. 25 हा आकडा वाचून बाबांना वाटतंय हा माणूस 25 वर्षं येत राहणार, आणि तसं पानावर कुठं लिहिलेलंही नाही, ते आपण वाचताना भरून घेतलंय. म्हणून सगळ्या वॉरंट्या वेगवेगळ्या ओळीत, कोण देणार त्याच्या नावासकट, कोटेशनवर लिहून घे.

फोटोंबद्दल जास्त बोलत नाही, पण ‘आमची कामं’मधल्या तिसऱ्या फोटोत घराला उतरतं काळं छप्पर आणि धुराडं आहे, आणि मागं पानं गळलेली झाडं. इचलकरंजीत धुराडं? फोटो गूगल लेन्सवर टाक, तुलाच कळेल. टीमच्या फोटोत बाराजण आहेत, सगळे पांढऱ्या हेल्मेटमधे, एकाच्याही खाली नाव नाही.

आणि पानावर काय नाही ते पण बघायचं असतं. पूर्ण पत्ता नाही, नुसतं ‘कोल्हापूर जिल्हा’. एकाही माणसाचं नाव नाही. लँडलाइन सोड, मोबाइलही फक्त व्हॉट्सॲपचं बटण. जीएसटीच्या पोर्टलवर मात्र धंद्याचा पत्ता आहे, तू तिथं दुचाकीवरून वीस मिनिटांत पोचशील असा माझा अंदाज आहे. जाऊन ये. दुकान आहे का, गोडाऊन आहे का, दोन-चार पॅनेलचे बॉक्स दिसतात का, आणि शेजारच्या चहावाल्याला विचार कधीपासून आहेत.

हे सगळं करून तुला एवढंच कळेल की माणूस कोण आहे आणि तो सांगतो तेवढा आहे का. काम कसं करतो ते यातल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. त्यासाठी त्यांच्याकडून तुमच्याच तालुक्यातली दोन घरं माग, निदान एक पावसाळा काढलेली, आणि गच्चीवर जाऊन बघ: स्ट्रक्चरच्या पायाशी सिमेंटचा ठोकळा केलाय का नुसता बोल्ट मारलाय, गंज चढलाय का, केबल पाइपातून नेलीये का उन्हात लोंबकळतीये, आणि घरमालकाला विचार नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर, लागायला किती दिवस लागले. 200 कुटुंबं आहेत तर दोन द्यायला काय जातंय.

त्या 50 हजारांचं म्हणशील तर आजच्या आज नको. मी बघितलेल्यात त्यांना फाशी द्यावी असं काही नाही, 2022 पासून नोंद असलेला एका माणसाचा धंदा आहे, वडिलांच्या दुकानाच्या पुण्याईवर मोठा दिसायचा प्रयत्न करतोय, कामही कदाचित चांगलं करत असेल. व्हेंडरच्या यादीत नाव, मॉडेल नंबरसकट कोटेशन, दोन गच्च्या, एवढं जमलं तर पुढं जा. आणि पैसे देताना यूपीआयवर किंवा चेकवर कुणाचं नाव येतंय ते बघ, ते जीएसटीवरच्या लीगल नेमशी किंवा ट्रेड नेमशी जुळलं पाहिजे. घरी आलेल्या त्या माणसाच्या स्वतःच्या नावाचा स्कॅनर पुढं आला आणि ‘हे पण आपलंच अकाउंट आहे’ असं म्हणाला, तर फोन खिशात ठेव आणि चहा पाजून त्याला वाटेला लाव.